उपास, चरबी आणि स्नायू : घटलेल्या वजनात नेमके काय घटते, या प्रश्नाचा शतकभराचा इतिहास

१/ १४ एप्रिल १९१२. बोस्टन शहरातील कार्नेगी संस्थेच्या पोषण-प्रयोगशाळेत माल्टा बेटावरून आलेला एक वकील दाखल झाला होता. त्याचे नाव आगोस्तिनो लेव्हान्झिन. त्या दिवसापासून एकतीस दिवस त्याने अन्नाचा कणही घेतला नाही. घेतले ते केवळ ऊर्ध्वपातित पाणी. रात्री तो उष्णतामापक कोठडीत झोपे. त्याचा श्वास, त्याचे मूत्र, त्याचे वजन, सारे काही रोज मोजले जाई. प्रयोगाचे सूत्रधार होते फ्रान्सिस बेनेडिक्ट.

२/ लेव्हान्झिन मुळात सडपातळ होता. उपासाच्या आरंभी त्याचे वजन साठ किलोंच्या किंचित वर होते. अखेरीस ते सत्तेचाळीस किलोंच्या आसपास आले. म्हणजे सुमारे तेरा किलोंची घट. तराजूने एवढेच सांगितले. परंतु या तेरा किलोंत चरबी किती आणि स्नायू-अवयव किती, हे तराजूला कळत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर मूत्रात दडलेले होते.

३/ हे कसे, ते समजून घेतले पाहिजे. चरबीत नायट्रोजन नसतो, प्रथिनांत असतो. शरीराने स्वतःचीच प्रथिने जाळली, की त्यांतील नायट्रोजन मुख्यत्वे युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर पडतो. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे सव्वासहा ग्रॅम प्रथिने. स्नायूंचा मोठा भाग पाणीच असल्याने एवढी प्रथिने साधारण तीस ग्रॅम ओल्या ऊतींत सामावलेली असतात. तेव्हा मूत्रातील नायट्रोजन मोजला, की शरीराने आपली किती ‘भिंत’ पाडली याचा हिशेब लागतो.

४/ एकतीस दिवसांत लेव्हान्झिनच्या शरीरातून २७० ग्रॅमांहून अधिक नायट्रोजन गेला. वरच्या प्रमाणाने गुणल्यास ते सुमारे आठ किलो ऊतींच्या बरोबरीचे होते. तेरा किलोंपैकी आठ किलो! म्हणजे घटलेल्या प्रत्येक किलोतील निम्म्याहून अधिक भाग चरबीचा नव्हताच. तो होता मेदेतर ऊतींचा. चरबी वगळता शरीरात जे काही उरते, म्हणजे स्नायू, अवयव, हाडे आणि त्यांतील पाणी, त्या साऱ्याला येथे ‘मेदेतर’ म्हटले आहे.

५/ असे का व्हावे, याची चाहूल म्युनिकमध्ये आधीच लागली होती. एर्विन फॉइट यांनी १९०१ साली उपाशी प्राण्यांवरील निरीक्षणांचा मेळ घालून एक निष्कर्ष मांडला होता. उपासात प्रथिने किती जळतात हे केवळ प्राण्याच्या आकारावर ठरत नाही. अंगी साठलेल्या चरबीवरही ते अवलंबून असते. गुबगुबीत प्राणी आपली प्रथिने राखून ठेवतो. कृश प्राण्याला ती खर्चावी लागतात, आणि चरबी संपत आली की हा खर्च एकाएकी वाढतो. माणसालाही हाच नियम लागू पडतो का, हे मात्र तेव्हा सिद्ध व्हायचे होते.

६/ पुढचा मोठा पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिळाला. मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी छत्तीस तरुणांवर अर्ध-उपासमारीचा प्रयोग केला. हे तरुण सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले स्वयंसेवक होते. उपाशी युरोपला पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे जाणून घेण्यासाठी त्यांनी आपली शरीरे देऊ केली. फेब्रुवारी ते जुलै १९४५ असे चोवीस आठवडे त्यांना रोज सुमारे १५७० किलोकॅलरींचे अन्न मिळे आणि आठवड्याला बावीस मैल चालावे लागे.

७/ येथे चरबी मोजण्याची रीत निराळी होती. माणसाला पाण्याखाली तोलून त्याच्या शरीराची घनता काढली जाई. चरबी हलकी असल्याने घनतेवरून तिचे प्रमाण कळे. आरंभी या तरुणांचे सरासरी वजन सुमारे ६९ किलो होते आणि त्यात चरबी सुमारे १४ टक्के, म्हणजे जेमतेम साडेनऊ किलो होती. चोवीस आठवड्यांनंतर वजन ५३ किलोंच्या खाली आले आणि चरबी पाच टक्क्यांवर. सुमारे १७ किलोंच्या घटीत चरबी होती सात किलो. उरलेले दहा किलो मेदेतर.

८/ पुन्हा तोच कौल : घटीचा अर्ध्याहून अधिक भाग मेदेतर. लेव्हान्झिनने काहीच खाल्ले नव्हते, हे तरुण मात्र रोज जेवत होते. तरी प्रमाण जवळपास सारखे आले. दोहोंत समान काय होते? दोहोंकडे आरंभीची चरबी थोडी होती.

येथे एक सावधगिरी हवी. उपासमारीत घोट्यांवर पाणी साचते आणि ते पाणी मेदेतर वजनातच मोजले जाते. त्यामुळे पेशींची खरी झीज या दहा किलोंहूनही अधिक होती. तराजूवरील आकडा ती झाकून ठेवत होता.

९/ आता या चित्राची दुसरी बाजू. १९६०च्या दशकात त्याच बोस्टनमध्ये जॉर्ज केहिल आणि त्यांचे सहकारी अतिस्थूल रुग्णांना रुग्णालयात ठेवून दीर्घ उपासाचा अभ्यास करीत होते. मेंदूला रोज शंभर ग्रॅमांहून अधिक ग्लुकोज लागते. चरबीपासून फारसे ग्लुकोज बनत नाही. उपासात ते बहुतांशी प्रथिने मोडूनच मिळवावे लागते. त्या हिशेबाने कोणीही मनुष्य महिनाभराच्या उपासात स्नायू गमावून कोसळावयास हवा. पण हे रुग्ण कोसळत नव्हते.

१०/ याचे उत्तर १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मिळाले. पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या तीन स्थूल व्यक्तींच्या मेंदूकडे जाणारे आणि मेंदूकडून परतणारे रक्त तपासण्यात आले. त्यांचा मेंदू मुख्यत्वे कीटोनांवर चालला होता. हे कीटोन यकृत चरबीपासून बनवते. मेंदूने चरबीचे इंधन स्वीकारल्यामुळे प्रथिने मोडण्याची निकड कमी झाली होती. अशा दीर्घ उपासात स्थूल व्यक्तीचा नायट्रोजन-व्यय दिवसाला तीन-चार ग्रॅमांवर उतरतो.

११/ आता लेव्हान्झिनकडे पुन्हा पाहावे. एकतिसाव्या दिवशीही त्याच्या शरीरातून सात ग्रॅमांच्या आसपास नायट्रोजन जात होता. कीटोन त्याच्याही शरीरात बनत होते. यंत्रणा तीच होती. फरक साठ्याचा होता. चरबीचा साठा मोठा असेल, तर रोज त्यातून भरपूर इंधन वाहू शकते. साठा लहान असेल, तर दिवसाची गरज भागेल एवढे इंधन त्यातून निघत नाही आणि तूट प्रथिनांकडून भरून घ्यावी लागते. पेवात धान्य असेपर्यंत कोणी घराचे वासे जाळत नाही. पेव रिकामे होऊ लागले, की वाशांची पाळी येते.

१२/ हा फरक केवळ तात्त्विक नव्हता. त्याची किंमत काही जणांनी जिवाने मोजली. १९७०च्या दशकात अमेरिकेत ‘द्रव प्रथिनां’च्या आहाराची लाट आली. कोलॅजेनपासून बनविलेले, पोषणदृष्ट्या निकृष्ट प्रथिन आणि त्याखेरीज जवळपास काहीच नाही, असा हा आहार लोक महिनोन्‌महिने घेत. १९७७च्या सुमारास त्यांतील काही जणांच्या आकस्मिक मृत्यूंची चौकशी सुरू झाली. ज्या सतरा मृत्यूंचा बारकाईने अभ्यास झाला, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. त्यांच्या हृदयाची लय बिघडली होती. हृदयही अखेर स्नायूच!

१३/ १९८४ साली व्हॅन इटाली आणि यांग यांनी याच सतरा मृत्यूंची आकडेवारी नव्याने मांडली. तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. आहार सुरू करताना जी व्यक्ती अधिक स्थूल होती, ती त्या आहारावर अधिक काळ जगली. जी तुलनेने कमी स्थूल होती, ती लवकर मृत्यू पावली. आहार जवळपास तोच, परंतु आरंभीची चरबी निराळी. जास्त चरबी असलेल्यांची मेदेतर ऊती सावकाश झिजली, हे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण होते.

१४/ या विखुरलेल्या निरीक्षणांना एका रेषेत गुंफण्याचे श्रेय गिल्बर्ट फोर्ब्स यांना जाते. ते न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठात बालरोगतज्ज्ञ होते. १९६१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरातील पोटॅशियमवरून चरबी मोजण्याची युक्ती प्रसिद्ध केली होती. निसर्गातील पोटॅशियमचा अत्यल्प अंश किरणोत्सारी असतो. चरबीत पोटॅशियम जवळजवळ नसते. ते असते मेदेतर पेशींत. म्हणून माणसाला जाड भिंतींच्या खोलीत बसवून त्याच्या अंगातून निघणारे किरण मोजले, की मेदेतर वजन कळते. ते एकूण वजनातून वजा केले, की उरते चरबी.

१५/ या पद्धतीने अनेक वर्षे मोजमापे जमवून फोर्ब्स यांनी १९८७ साली साधारण सारख्या उंचीच्या स्त्रियांचा एक आलेख मांडला. एका अक्षावर चरबी, दुसऱ्या अक्षावर मेदेतर वजन. अधिक चरबीच्या स्त्रियांत मेदेतर वजनही अधिक होते, हे अपेक्षितच होते. वाढलेला भार पेलण्यासाठी स्नायू, हाडे आणि रक्तही वाढते. नवलाची गोष्ट निराळीच होती. ठिपक्यांमधून जाणारी रेषा सरळ नव्हती. आरंभी ती झपाट्याने चढे आणि पुढे पुढे सपाट होत जाई.

१६/ त्या वक्राचा मथितार्थ एका वाक्यात सांगता येतो : चरबी दुप्पट झाली, की मेदेतर वजनात सुमारे ७.२ किलोंची भर पडते. चरबी १० किलोंवरून २० वर गेली तरी ७.२, २० वरून ४० वर गेली तरी ७.२, आणि ४० वरून ८० वर गेली तरीही तेवढेच.

यापुढे फोर्ब्स यांनी एक धाडसी उडी घेतली. हा वक्र निरनिराळ्या स्त्रियांचा होता. परंतु एकाच व्यक्तीचे वजन घटते वा वाढते, तेव्हा तीही साधारणपणे याच वक्रावरून सरकते, असे त्यांनी प्रतिपादिले.

१७/ हे मान्य केले, की हिशेब सोपा होतो. ८० किलो चरबी असलेली व्यक्ती ४० किलोंवर आली, तर ४० किलो चरबी आणि ७.२ किलो मेदेतर गेले : एकूण घटीत मेदेतर वाटा १५ टक्के. ४० वरून २० वर आली, तर २० किलो चरबी आणि पुन्हा ७.२ : वाटा २६ टक्के. २० वरून १० वर आली, तर १० किलो चरबी आणि ७.२ : वाटा ४२ टक्के. व्यक्ती तीच, वक्रही तोच. पण जसजशी ती बारीक होत जाते, तसतसा घटलेल्या प्रत्येक किलोतील मेदेतर वाटा वाढत जातो.

१८/ हा वक्र कितपत विश्वासार्ह आहे, हे मिनेसोटाच्या तरुणांवर पडताळून पाहता येते. ते पुरुष होते आणि त्यांच्यावरील प्रयोग या वक्राच्या चार दशके आधी झाला होता. म्हणजे परीक्षा कठीणच. आरंभी साडेनऊ किलो चरबी आणि एकूण घट १७ किलोंच्या आसपास, एवढेच वक्राला सांगितले, तर तो उत्तर देतो : चरबी सुमारे सहा किलो, मेदेतर पावणेअकरा. प्रत्यक्ष मोजमाप होते सुमारे सात आणि दहा. घोट्यांवरील पाण्याचा विचार केला, तर अंतर आणखीच कमी होते.

१९/ आहारशास्त्रात रूढ झालेला ‘एक चतुर्थांशा’चा ठोकताळा कोठे बसतो, तेही यावरून ध्यानी येते. घटलेल्या वजनाचा पाव भाग मेदेतर असतो, असे सरसकट सांगितले जाते. फोर्ब्स यांच्या वक्रावर हे प्रमाण चरबी साधारण ३१ किलो असतानाच येते. ज्या स्थूल व्यक्तींवर वजनघटीचे बहुतेक अभ्यास झाले, त्यांच्याकडे साधारण एवढीच चरबी होती. म्हणून तो आकडा रुजला. दहा किलो चरबी असलेल्या माणसाला तो लावणे म्हणजे त्याचे निम्मे नुकसान हिशेबाबाहेर ठेवणे होय.

२०/ याचा आणखी एक परिणाम फसवा आहे. एक किलो चरबीत सुमारे ९४०० किलोकॅलरी ऊर्जा असते. एक किलो मेदेतर ऊतीत, ती बहुतांशी पाणीच असल्याने, जेमतेम १८००. म्हणून रोजची तूट सारखीच ठेवली, तरी सडपातळ व्यक्तीचे वजन अधिक वेगाने उतरते. रोज ५६० किलोकॅलरींची तूट असेल, तर जिची घट अर्धी मेदेतर आहे तिचा एक किलो दहा दिवसांत जातो. जिची घट १५ टक्केच मेदेतर आहे तिला त्याच किलोसाठी पंधरा दिवस लागतात. सडपातळ माणसाला झटपट यश वाटते, ते प्रत्यक्षात मोठ्या नुकसानीचे लक्षण असते.

२१/ मग आरंभीची चरबी ओळखावी कशी? केवळ वजन आणि उंची यांवरून ती कळत नाही, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन शास्त्रज्ञांचे एकत्र छायाचित्र छापून आले : पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा शरीर-वस्तुमान निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

२२/ अशा दोन देहांचे वजन ६५ किलो धरले, तर एकात सुमारे ६ किलो चरबी असेल आणि दुसऱ्यात १४. वक्राच्या मते वजन उतरू लागताच पहिल्याच्या घटीत मेदेतर वाटा ६४ टक्के, तर दुसऱ्याच्या घटीत ४३. परंतु यावरून दुसऱ्याने निश्चिंत होऊ नये. त्याच्याकडे मेदेतर भांडवलच आठ किलोंनी कमी आहे. वाटा लहान असला, तरी तो लहान भांडवलातून जातो. शिवाय मूळ वक्र अमेरिकी स्त्रियांवरील आहे. भारतीय देहाला तो दिशा दाखवील, दशांशापर्यंतचा आकडा देणार नाही.

२३/ या वक्राच्या इतर मर्यादाही स्पष्ट आहेत. तो सरासरीचा आहे. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत साठीव ग्लायकोजेन आणि त्याच्याबरोबरचे पाणी जाते. तेव्हा मेदेतर घट भासते त्याहून कमी गंभीर असते. भरपूर प्रथिने आणि वजने उचलण्याचा व्यायाम यांनी मेदेतर वाटा वक्राच्या खाली आणता येतो. अंथरुणाला खिळणे, ताप आणि दीर्घ आजार यांनी तो वर जातो. आणि मेदेतर म्हणजे निव्वळ स्नायू नव्हेत, हे विसरता कामा नये.

२४/ फोर्ब्स यांचे सूत्र मुळात चरबीतील अगदी लहान बदलापुरते होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल यांनी २००७ साली ते मोठ्या बदलांसाठी विस्तारले, आणि आरंभीच्या चरबीबरोबरच एकूण घट किती मोठी आहे हेही हिशेबात घ्यावे लागते, हे दाखवून दिले. आज वजनाचे भाकीत करणाऱ्या अनेक गणिती प्रतिमानांच्या पोटात हाच वक्र आहे.

२५/ लेव्हान्झिनच्या उपासाने एक समज निकाली काढला होता : उपाशी देह आधी सारी चरबी संपवतो आणि मगच स्नायूंना हात लावतो, हा तो समज. देह पहिल्या दिवसापासून दोन्ही साठे वापरतो. कोणता किती वापरायचा, हे मुख्यत्वे चरबीच्या पेवात अजून किती शिल्लक आहे यावर ठरते. बोस्टनच्या त्या कोठडीत सडपातळ वकिलाने गमावलेले तेरा किलो आणि एखाद्या स्थूल रुग्णाने गमावलेले तेरा किलो तराजूवर सारखेच दिसतात. मूत्रातील नायट्रोजन मात्र त्यांतील भेद सांगतो.